घेरी, अर्ध्या पानात

बाबांना घेरी येते, एवढंच आम्हाला सात महिने माहीत होतं. तेवढंच आम्ही प्रत्येक डॉक्टरांना सांगत होतो, फक्त दर वेळी जास्त लांबवून.

बाबा ७१ वर्षांचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहतो. त्रास उन्हाळ्यात सुरू झाला म्हणून आधी सगळ्यांनी ऊन लागलं असं धरलं. पन्हं झालं, खिशात कांदा ठेवून झालं, दुपारी बाहेर जाणं बंद झालं. जून उजाडला, पाऊस आला, तरी घेरी गेली नाही. मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी चक्करची गोळी दिली. मग हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून पट्टा दिला. सप्टेंबरमध्ये बाबा रात्री न्हाणीत पडले, कपाळाला चार टाके पडले आणि मेंदूचा एमआरआय झाला. त्यात वयाप्रमाणे जे दिसतं तेवढंच होतं. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी धंतोलीतल्या एका फिजिशियन बाईंकडे पाठवलं. नंबर बारा दिवसांनंतरचा मिळाला. फोनवरच्या मुलीनं सांगितलं, "जुनी फाईल आणाच. पण त्रास काय, कधीपासून, गोळ्या कोणत्या, हे अर्ध्या पानात लिहून आणा. मॅडम ते आधी वाचतात."

मी शाळेत मराठी शिकवते. नववी-दहावीच्या मुलांकडून सारांशलेखन करून घेते, त्यामुळे हे काम मला एका संध्याकाळचं वाटलं.

रविवारी बाबांना समोर बसवून सगळं लिहून घेतलं. बाबा सांगायला लागले की पहिल्यापासून सांगतात. कोणत्या दवाखान्यात किती वेळ बसलो, तिथं शेजारी कोण भेटला, डॉक्टर काय म्हणाले, त्यावर आपण काय म्हणालो. वहीची पाच पानं भरली. मग मी मुलांना शिकवते तसंच केलं. प्रत्येक परिच्छेदातला मुख्य मुद्दा घेतला, उदाहरणं गाळली, पाचाची दीड पानं केली. मजकूर नेटका झाला होता. माझी चुलतबहीण मेडिकलमध्ये स्टाफ नर्स आहे, तिला तो फोनवर पाठवला. रात्रपाळी संपवून सकाळी ती घरीच आली.

"ताई, हे सगळं डॉक्टर काय म्हणाले ते आहे," ती म्हणाली. "मोठ्या बाबांना होते काय, ते कुठे आहे यात?"

मी पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं. दीड पानात 'चक्कर' हा शब्द अकरा वेळा आला होता आणि ती चक्कर म्हणजे नेमकं काय, हे एकदाही नव्हतं. कानाचा त्रास, मानेचा मणका, गॅस, अशक्तपणा हे सगळे आधीच्या डॉक्टरांचे अंदाज होते. मी ते बाबांचा त्रास म्हणून लिहून ठेवले होते. शाळेतल्या सारांशात मूळ उताऱ्यातलं सगळं सारख्या प्रमाणात लहान व्हायला हवं. इथं तसं चालत नव्हतं. इथली तीन चतुर्थांश पानं पूर्ण काढून टाकायची होती, आणि वहीत जे एका ओळीतही नव्हतं ते शोधून आणून घालायचं होतं.

सुरुवात शब्दापासूनच झाली. आपल्याकडे घेरी म्हटलं की त्यात बरंच काही येतं. खोली भोवती फिरते तीही घेरी, डोळ्यांपुढे अंधारी येते तीही, चालताना तोल जातो तीही आणि नुसतं डोकं हलकं वाटतं तीही. बहिणीनं बाबांना विचारलं, "मोठे बाबा, भिंती फिरतात का?"

"मले काय माहीत बाई, घेरी म्हणजे घेरी," बाबा म्हणाले. थोडा विचार करून म्हणाले, "फिरत तं नाही. काळं होते समोर. लाइट गेल्यावानी."

बाबांचे हे शब्द मी जसेच्या तसे लिहून घेतले. पण बहीण म्हणाली की एवढ्या शब्दावर विसंबायचं नाही, माणूस आज एक सांगतो आणि उद्या दुसरं. शब्दापेक्षा त्या वेळी काय करत होते आणि ते किती वेळ टिकलं, हे जास्त भरवशाचं. कानाच्या एका नेहमीच्या आजारात अंथरुणात कूस बदलली तरी गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. रक्तदाब उतरत असेल तर आडवं असताना काही होत नाही, उभं राहिलं की होतं. नुसतं विचारून हे कळणार नाही, कारण बाबांना आठवेल ते सगळ्यात वाईट एकच. म्हणून सात दिवस नोंद ठेवायची ठरली.

भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी मी एक कागद चिकटवला आणि त्याला दोरीनं पेन बांधला. घेरी आली की वेळ, काय करत होते आणि किती वेळ, एवढंच लिहायचं. बाबांनी पहिले दोन दिवस काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मी सकाळी चहाच्या वेळी विचारून स्वतः लिहायला लागले आणि ते दोन दिवस बाद धरून पुढचे सात दिवस मोजले. नऊ नोंदी झाल्या. सहा अंथरुणातून उठतानाच्या होत्या, त्यातल्या चार रात्रीच्या. दोन देवपूजा उभ्यानं करताना आल्या. एक दुपारी जेवून उठताना. बसलेलं असताना एकही नाही, कूस बदलताना एकही नाही. अर्ध्या ते दोन मिनिटांत, बसलं की थांबलं. सात महिने आम्ही जे सांगत होतो, त्यात यातलं एक वाक्यही नव्हतं.

मग तारीख. बाबा 'उन्हाळ्यात' म्हणत, आई 'मे महिन्यात' म्हणत होती. मी त्यांना महिना विचारणं सोडलं आणि सण विचारले. पाडव्याला गुढी कोणी उभारली? बाबांनीच, स्टुलावर चढून, काही झालं नव्हतं. रामनवमीला? तिथं आई एकदम म्हणाली, "अगं, शोभायात्रा पाहायला गेलो होतो तेव्हाच तं! हे मधेच खाली बसले पायरीवर." पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा आम्ही दर वर्षी बघतो, रस्त्याच्या कडेला दीड-दोन तास उभं राहून. २०२५ ची रामनवमी ६ एप्रिलला होती आणि पाडवा ३० मार्चला. म्हणजे त्रास सुरू झाला तो या दोन तारखांच्या मधल्या आठवड्यात किंवा फार तर त्या दिवशी. 'उन्हाळ्यात' या शब्दाच्या जागी आता एक तारीख आली.

सगळ्यात जास्त वेळ गोळ्यांना लागला. फाईलमधल्या चिठ्ठ्यांवरून मी यादी केली होती: साखरेची मेटफॉर्मिन, बीपीच्या टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन, आणि चक्करसाठी दिलेली बीटाहिस्टिन. बहीण म्हणाली, "चिठ्ठीवरून लिहू नको. डबा पालथा कर." आम्ही डबा ताटात रिकामा केला. बीटाहिस्टिनची पट्टी जुलैपासून तशीच होती, बाबांनी ती पंधरा दिवसांत सोडली होती. आणि एक पट्टी अशी निघाली जी फाईलमध्ये कुठेच नव्हती. टॅम्सुलोसिन, ०.४ मिलिग्रॅम.

बाबा काही बोलले नाहीत. आईकडे पाहून म्हणाले, "ते लघवीचं हाय. त्याचा अन् घेरीचा काय संबंध?"

ते मार्चमध्ये एकटेच जाऊन लघवीच्या डॉक्टरांना दाखवून आले होते. प्रोस्टेट वाढलेली, रात्री उठावं लागतं, धार कमी. ती चिठ्ठी त्यांनी फाईलमध्ये न लावता पाकिटात ठेवली होती, कारण फाईल मी हाताळते. मला ते फार लागलं. त्यांनी लपवलं याचं नव्हे. सात महिने प्रत्येक डॉक्टरांनी 'आणखी कोणती गोळी चालू आहे का' असं माझ्या समोर विचारलं आणि त्यांना माझ्या समोर ते सांगता आलं नाही, याचं. चिठ्ठीवरची तारीख २४ मार्च होती. शोभायात्रेच्या तेरा दिवस आधीची.

बाबांना मी म्हटलं, "बाबा, कागदावर फक्त गोळीचं नाव लिहिते. बाकीचं तुम्ही मॅडमशी बोला, मी बाहेर थांबते."

"लिही," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "बाहेर नको थांबू. मले ऐकू कमी येते त्यायचं."

आता माझा हात थांबेना. दोन तारखा शेजारी शेजारी आल्यावर मी कागदाच्या वरच लिहून टाकलं: 'लघवीच्या गोळीमुळे चक्कर येते असं वाटतं.' बहिणीनं ते वाक्य खोडायला लावलं. तिचं म्हणणं असं की आधीच्या तीन डॉक्टरांचे अंदाज आपण गाळले, मग आपला चौथा कशाला घालायचा? अंदाज पहिल्या ओळीत असला की वाचणाऱ्याचं मन त्याच वाटेनं जातं. गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधी सुरू झाला हे दोन्ही लिहायचं आणि थांबायचं. 'नंतर' लिहायचं, 'मुळे' लिहायचं नाही. मला ते आवडलं नव्हतं, पण मी खोडलं.

आणखी गाळलं ते असं. कोणत्या डॉक्टरांकडे कितव्या क्रमानं गेलो, ते गेलं. ऊन, कांदा, पन्हं गेलं. बारा वर्षांपूर्वीचं हर्नियाचं ऑपरेशन गेलं. गुडघेदुखी गेली, ती खरी असली तरी या भेटीची नव्हती. तपासण्यांचे सगळे आकडे गेले, फाईल सोबत होतीच. उलट काही 'नाही' मुद्दाम ठेवले. छातीत दुखत नाही, बोबडी वळत नाही, हात-पाय लुळे पडत नाहीत, हे लिहायला जागा लागते आणि त्यात काही सांगितल्यासारखं वाटत नाही. पण तेवढ्यानं वाचणाऱ्याचे पाच प्रश्न वाचतात. जे विचारलंच नव्हतं, तिथं 'नाही' लिहायचं नाही, हेही बहिणीनं बजावलं. पडले तेव्हा शुद्ध गेली होती का, हे बाबांना सांगता येत नव्हतं आणि आई झोपेत होती. मी आधी 'शुद्ध गेली नाही' लिहिलं होतं, कारण वाक्य सुटसुटीत होत होतं.

शेवटी कागद असा झाला. हातानं लिहिला, ठळक अक्षरात, वहीच्या अर्ध्या पानावर.

*वय ७१, पुरुष. मधुमेह १२ वर्षं, बीपी ९ वर्षं.*

*त्रास: उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी ("लाइट गेल्यावानी"), पाय लटपटतात. ६ एप्रिल २०२५ पासून. आधी आठवड्यातून एकदा, आता जवळपास रोज.*

*केव्हा: ७ दिवसांच्या नोंदीत ९ वेळा. अंथरुणातून उठताना ६ (रात्री लघवीला उठताना ४), उभ्यानं पूजा करताना २, जेवून उठताना १. अर्धा ते दोन मिनिटं टिकते, बसलं की थांबते.*

*नाही: बसलेलं असताना, कूस बदलताना येत नाही. खोली फिरत नाही. उलटी, छातीत दुखणं, धडधड, बोबडी, एका बाजूची कमजोरी नाही.*

*पडले: ९ सप्टेंबर, रात्री २ वाजता, न्हाणीत. कपाळाला ४ टाके. शुद्ध गेली होती का, सांगता येत नाही.*

*गोळ्या (घेतात त्या): मेटफॉर्मिन ५०० सकाळ-रात्र. टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ सकाळी. टॅम्सुलोसिन ०.४ रात्री, २४ मार्च २०२५ पासून. बीटाहिस्टिन १५ दिवस घेतली, फरक नाही, बंद.*

*तपासण्या: मेंदूचा एमआरआय १२ सप्टेंबर, मानेचा एक्स-रे ऑगस्ट. फाईलमध्ये.*

*काळजी: रात्री एकटे उठतात, पुन्हा पडतील.*

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळेपर्यंत आमचा नंबर आला होता. मॅडमनी कागद घेतला आणि वाचला. मिनिटभर खोलीत कोणीच बोललं नाही. बाबांनी सवयीनं "पहिल्यापासून सांगतो" म्हणून सुरुवात केली तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगा काका, पण आधी मला दोन गोष्टी सांगा. रात्री किती वेळा उठता? आणि पाणी किती पिता?"

दोन्ही माझ्या कागदावर नव्हतं. बाबा म्हणाले, तीनदा, कधी चारदा. आणि पाणी? संध्याकाळी पाचनंतर ते घोटभरही घेत नव्हते, रात्री उठावं लागू नये म्हणून. हे मलाही माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं. मी केव्हा, किती वेळ, कोणती गोळी इतकं सगळं विचारलं होतं, पण खाणंपिणं मी रोज बघते म्हणून ते विचारायचं सुचलं नाही.

मग त्यांनी बाबांना टेबलावर पाच मिनिटं आडवं ठेवलं आणि बीपी घेतला. १४२ आणि ८२. उभं केलं, एका मिनिटानं घेतला, ११६ आणि ७२. तीन मिनिटांनी ११० आणि ७०. बाबांनी टेबलाची कड धरली आणि म्हणाले, "येऊन रायली." मॅडमनी त्यांना लगेच बसवलं. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर त्याला उभ्यानं रक्तदाब उतरणं म्हणतात. बाबांचा वरचा ३२ नं उतरला होता. आमच्या घरी बीपीचं मशीन आहे. मी दर रविवारी घेते आणि १३५ च्या आसपास येतो. पण नेहमी खुर्चीत बसवून.

त्यांनी समजावलं ते असं. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटात उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं आणि नाडी वाढवतं, म्हणून डोक्याला रक्त कमी पडत नाही. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटचे स्नायू सैल करते, पण काही जणांत रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते, आणि बाबांच्या आधीच्या दोन गोळ्या बीपी उतरवणाऱ्याच. त्यात शरीरात पाणी कमी.

मी मनात म्हटलं, म्हणजे माझं वाक्य बरोबरच होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण एवढंच नाही." बीपी ३२ नं उतरूनही बाबांची नाडी ७६ वरून फक्त ८२ झाली होती. ती याहून बरीच वाढायला हवी होती. बारा वर्षांच्या साखरेनं नाडी वाढवणाऱ्या नसांवर परिणाम झालेला असू शकतो, आणि तसं असेल तर गोळी बंद करूनही सगळं थांबणार नाही. त्यांनी ईसीजी काढला, रक्तातलं हिमोग्लोबिन, क्षार आणि बी-१२ लिहून दिलं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून तेही. माझं खोडलेलं वाक्य पहिल्या ओळीत असतं, तर मी कदाचित घरीच ती गोळी बंद करून बसले असते आणि इथं आलेच नसते.

टॅम्सुलोसिन त्यांनी स्वतः बंद केली नाही. लघवीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, कारण ती एकदम सोडून लघवी अडली तर ते वेगळंच संकट. लघवीच्या डॉक्टरांनी पुढे ती बदलली. ॲम्लोडिपिन निम्मी झाली. पाणी दिवसभरात वाटून प्यायचं ठरलं, दुपारपर्यंत जास्त. आणि उठताना आधी अंथरुणाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं. न्हाणीत धरायला दांडी लावून घेतली. रात्री लघवीसाठी खाटेशेजारी भांडं ठेवायला बाबा आधी तयार नव्हते, मग झाले.

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं होतं. भिंतीवरचा कागद तसाच होता, आता बाबाच लिहीत होते. घेरी आठवड्यातून दोनदा, गेली नव्हती. बी-१२ कमी निघालं होतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली होती. जायच्या आदल्या रात्री मी नवा कागद लिहायला बसले, तर बाबा म्हणाले, मी लिहिला. वहीचं पाव पान, रेल्वेतल्या नोंदवहीत लिहायचे तसं उभं अक्षर.

*घेरी: आठवड्यात २. दोन्ही पहाटे. पडलो नाही.*

*पाणी: ८ पेले. सहानंतर १.*

*लघवी: रात्री २ वेळा. धार बरी.*